नमुना एक, माल दुसरा : टाइलवाल्याला लिहायचे पत्र

टाइलच्या खोक्याच्या अरुंद बाजूवर एक शिक्का किंवा चिकटवलेली पट्टी असते. वरच्या बाजूला झळकणारे संगमरवरी न्हाणीघर आपण पाहतो, ही पट्टी पाहत नाही. तिच्यावर कारखान्याचा डिझाइन क्रमांक, माप, प्रत, बॅच आणि शेड लिहिलेली असते, काही कंपन्या नेमक्या साइजचाही वेगळा अंक किंवा अक्षर देतात. एकाच डिझाइनच्या चाळीस खोक्यांवर बॅच आणि शेड वेगवेगळी असेल, तर ती खोकी वेगवेगळ्या दिवशी, कदाचित वेगवेगळ्या महिन्यांत भट्टीतून निघालेली असतात. भिंतीवर ती एकत्र बसवली की न्हाणीघर ठिगळ लावल्यासारखे दिसते. आणि ते लक्षात येते तेव्हा गवंडी घरात असतो, मजुरी चालू असते आणि दुकानदार फोनवर म्हणत असतो, “साहेब, एवढी शेड येतेच.”

यात दुकानदार अर्धे खरे बोलत असतो. शेड येतेच. मोरबीत काय किंवा इतरत्र काय, टाइल बनते ती मातीची भुकटी साच्यात दाबून, तिच्यावर चकाकीचा थर आणि छपाई चढवून, मग रुळांवरून सरकत जाणाऱ्या लांबलचक भट्टीत भाजून. मातीचा नवा लॉट आला, चकाकीचे मिश्रण नव्याने कालवले, भट्टीचे तापमान किंचित वरखाली झाले की रंगात फरक पडतो. भट्टीत टाइल आकसतेही, आणि आकसणे दर वेळी तंतोतंत सारखे नसते. म्हणून भट्टीच्या शेवटी टाइल पाहून, मोजून वेगळ्या काढतात आणि सारख्या छटेच्या, सारख्या मापाच्या टाइल एका गटात भरतात. खोक्यावरची शेड आणि साइज म्हणजे त्या गटाची ओळख. भाजल्यानंतर कडा यंत्राने घासून एका मापाच्या केलेल्या, म्हणजे रेक्टिफाइड टाइलमध्ये मापाचा प्रश्न बराच कमी होतो, पण शेडचा होत नाही.

थोडक्यात, कारखान्याने फरक लपवलेला नसतो, छापलेला असतो. चूक होते ती गोडाऊनमध्ये. एका बॅचची खोकी कमी पडली की मागच्या रांगेतली दुसरी बॅच टेम्पोत चढते. हे ध्यानात आले की तक्रारीचे पत्र कसे लिहायचे तेही कळते. बहुतेक ग्राहक लिहितात, “तुम्ही खराब टाइल दिल्या.” त्यावर दुकानदार एक टाइल हातात घेतो, वाजवून दाखवतो आणि म्हणतो, खराब कुठे आहे? तो बरोबर असतो. प्रत्येक टाइल स्वतंत्रपणे चांगली असू शकते. तक्रार टाइलच्या दर्जाची नाही. ठरला होता तो माल हा नव्हे, आणि आला आहे तो सगळा एकसारखा नाही, एवढीच ती आहे. पत्रात हेच एक वाक्य घट्ट धरून ठेवायचे असते.

उदाहरणादाखल सांगलीतल्या एका घराची कल्पना करू. दोन न्हाणीघरे, प्रत्येकी 5 बाय 8 फूट, टाइल 7 फुटांपर्यंत. भिंतींची एकूण लांबी 26 फूट, म्हणजे 182 चौरस फूट. दाराचे साडेसतरा वजा केले आणि तुटफुटीसाठी दहा टक्के धरले की सुमारे 181. एक फूट बाय दोन फूट, म्हणजे 300 बाय 600 मिलिमीटरच्या पाच टाइलचे खोके साधारण 9.7 चौरस फूट भरते. एका न्हाणीघराला 19 खोकी, हाताशी एक जास्त. दोन्ही मिळून 40 खोकी, खोक्याला कर धरून 450 रुपये, एकूण 18 हजार. घरमालकांनी शोरूममध्ये फिकट बदामी रंगाची मॅट टाइल पसंत केली आणि एक अख्खी टाइल नमुना म्हणून घरी आणली. येताना तिच्या पाठीवर मार्करने तारीख टाकून स्वतःची आणि दुकानातल्या माणसाची सही घेतली. पुढच्या सगळ्या भांडणाचा पाया ही सही आहे. शोरूमच्या बोर्डावर चिकटवलेला तुकडा तिथेच राहतो, आणि उद्या तो बदलला तरी आपल्याला कळत नाही. फोनमधला फोटो डिझाइन क्रमांकाचा पुरावा ठरतो, रंगाचा नाही.

टेम्पो आला. चाळीस खोकी उतरली. मिस्त्रींनी काम सुरू करण्याआधी पट्ट्या वाचल्या तेव्हा 26 खोकी बॅच 118, शेड 3 ची निघाली आणि 14 खोकी बॅच 131, शेड 7 ची. माप दोन्हींवर 300 बाय 600 असेच छापलेले होते.

आता तपासणी. ट्यूबलाइटखाली किंवा शोरूमच्या पिवळ्या दिव्याखाली शेड पाहू नये. अंगणात किंवा गच्चीवर, उन्हाच्या थेट झोतात नव्हे तर सावलीतल्या उजेडात पाहावी. दोन्ही बॅचच्या पाच-पाच टाइल जमिनीवर एकमेकींना लागून मांडायच्या, मध्ये नमुना ठेवायचा आणि उभ्याने पाहायचे. नाक लावून पाहिले तर सगळेच वेगळे दिसते. टाइलच्या पृष्ठभागाची तपासणी करण्याची आंतरराष्ट्रीय पद्धतसुद्धा एक मीटर अंतरावरून, ठरावीक उजेडात, निदान एक चौरस मीटरभर टाइल मांडून पाहा असे सांगते. या घरात शेड 3 नमुन्याशी जुळली. शेड 7 मात्र उभ्याने पाहतानाही हिरवट वाटत होती. फोटो काढताना तिन्ही एकाच चौकटीत, एकाच उजेडात घेतल्या, कारण वेगवेगळ्या फोटोंत कॅमेरा रंग आपल्या मर्जीने बदलतो.

मापासाठी सुताराच्या टेपपेक्षा पोलादी पट्टी बरी. टेपच्या टोकाचा हूक हलता असतो, मिलिमीटरभराची गडबड तिथेच होते. त्याहून सोपी खात्री म्हणजे दोन्ही बॅचची एकेक टाइल सपाट जमिनीवर एकमेकींना चिकटवून उभी करायची आणि वरच्या कडेवरून बोट फिरवायचे. एक मिलिमीटरची पायरी बोटाला लगेच लागते. मग प्रत्येक बॅचच्या पाच वेगवेगळ्या खोक्यांतून एकेक टाइल काढून लांबी आणि रुंदी मोजायची, कर्णही मोजून पाहायचे. या घरात बॅच 118 च्या टाइल नमुन्याप्रमाणे 300 बाय 600 भरल्या. बॅच 131 च्या 299 बाय 598.

एक-दोन मिलिमीटरने काय बिघडते, हा दुकानदाराचा दुसरा ठरलेला प्रश्न. “ग्राऊटमध्ये जाईल ते.” हिशेब करून पाहा. 7 फूट उंचीत आडव्या मांडणीच्या सात पूर्ण ओळी बसतात. एका भिंतीवर 300 ची टाइल, शेजारच्या भिंतीवर 299 ची. स्पेसर सारखेच असले तर सातव्या ओळीला कोपऱ्यात सांधा 7 मिलिमीटरने चुकतो. आठ फुटी भिंतीत लांबीच्या दिशेने चार अख्ख्या टाइल बसतात; खालची ओळ 600 ची आणि वरची 598 ची असेल तर चौथ्या टाइलपाशी उभे सांधे 8 मिलिमीटरने सरकतात. दोन मिलिमीटरच्या सांध्यात आठ मिलिमीटर लपवायचे कसे? मिस्त्री ते लपवतात, नाही असे नाही, पण सांधे कुठे जाड कुठे बारीक होतात. पुढे पाहणारा दोष मिस्त्रींनाच देतो.

इथे एक मोह होतो. 26 खोकी चांगली आहेत, एका न्हाणीघराला 20 पुरतात, तर निदान एक काम सुरू करू आणि 14 खोक्यांचे मागाहून पाहू. मिस्त्री थांबलेले असतात, त्यामुळे हे शहाणपणाचे वाटते. पण मालविक्री अधिनियम, 1930 च्या दृष्टीने हे पाऊल जपून टाकायचे आहे. कलम 17 सांगते की नमुन्यावरून विक्री ठरली असेल तर आलेला माल नमुन्याशी जुळलाच पाहिजे, आणि तो ताडून पाहण्याची वाजवी संधी ग्राहकाला मिळाली पाहिजे. जुळला नाही तर माल नाकारता येतो. मात्र ग्राहकाने माल स्वीकारला की नाकारण्याचा हक्क सामान्यतः संपतो आणि उरते ती फक्त नुकसानभरपाईची मागणी. विभागता न येणाऱ्या सौद्यात मालाचा काही भाग स्वीकारला तरी असेच होते. स्वीकारणे म्हणजे तोंडाने होकार देणेच नव्हे. आपला असल्यासारखा माल वापरणे किंवा वाजवी मुदतीपलीकडे काही न कळवता तो ठेवून घेणे, हेही कलम 42 नुसार स्वीकारणेच. टाइल भिंतीला लावण्याइतकी ठाम स्वीकृती दुसरी नाही. बऱ्याच खोक्यांवर कंपनीनेही छापलेले असते की बसवलेल्या टाइलबद्दल तक्रार ऐकली जाणार नाही. तेव्हा आधी पत्र. चांगली 26 खोकी वापरायची असली तरी दुकानदाराची लेखी संमती आल्यावरच.

चलनावर सही केली म्हणून सगळे संपले, असे मात्र नाही. खोक्यांची संख्या मोजून सही केलेली असते. आधी तपासलेला नसेल तर माल ताडून पाहण्याची संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असे धरत नाहीत, असे कलम 41 सांगते. तरीही सहीच्या वर “खोकी मोजून घेतली, माल तपासणे बाकी” एवढे सहा शब्द लिहिण्याची सवय चांगली.

आता ते पत्र.

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(दुकानाचे बिलावरील नाव व पत्ता)

दिनांक : 12 जानेवारी 2026

विषय : मंजूर नमुन्याशी न जुळणाऱ्या भिंतीच्या टाइल नाकारल्याबाबत व बदलून मिळण्याबाबत
संदर्भ : आपले बिल क्र. 1147, दि. 2 जानेवारी, चलन क्र. 386, दि. 9 जानेवारी

महोदय,

वरील बिलाप्रमाणे मी आपल्याकडून 300 × 600 मि.मी. मापाच्या फिकट बदामी मॅट टाइलची 40 खोकी रुपये 18,000 पूर्ण भरून खरेदी केली आहेत. खरेदीच्या वेळी आपण दिलेला नमुना दोघांच्या सहीनिशी व तारखेनिशी माझ्याकडे आहे.

दि. 9 जानेवारी रोजी माल पोहोचला. दि. 10 रोजी तपासणी केली असता 26 खोकी बॅच 118, शेड 3 ची व 14 खोकी बॅच 131, शेड 7 ची आढळली. बॅच 131 मधील टाइलची छटा नमुन्यापेक्षा स्पष्टपणे वेगळी, हिरवट आहे. पाच खोक्यांतील एकेक टाइल मोजली असता माप 299 × 598 मि.मी. भरले, नमुना व बॅच 118 यांचे माप 300 × 600 मि.मी. आहे. खोक्यांवरील पट्ट्यांचे, मोजमापाचे व तिन्ही टाइल एकत्र ठेवलेले फोटो सोबत जोडले आहेत.

हा माल मंजूर नमुन्याप्रमाणे व एकसारखा नसल्याने मी तो स्वीकारत नाही. एकही टाइल बसवलेली नाही. तपासणीसाठी उघडलेली दहा खोकी वगळता सर्व खोकी बंद असून माझ्या घरी कोरड्या जागी ठेवली आहेत. आपण किंवा आपला माणूस येऊन ती पाहू शकतो. कृपया 14 जानेवारीपर्यंत वेळ कळवावी.

माझी विनंती अशी की 22 जानेवारीपर्यंत नमुन्याशी जुळणारी, एकाच बॅचची, एकाच शेडची व साइजची 40 खोकी आपल्या खर्चाने पोहोचवावीत व सध्याचा माल आपल्या खर्चाने घेऊन जावा. बॅच 118 ची आणखी 14 खोकी उपलब्ध असल्यास तेवढीच बदलून घेण्यास माझी तयारी आहे. तसे आपण लेखी कळवावे. दोन्ही शक्य नसल्यास रुपये 18,000 परत करावेत. माल बदलण्यास लागणाऱ्या काळात गवंडीकाम थांबल्याने होणाऱ्या खर्चाचा हक्क मी राखून ठेवत आहे.

मुदतीत कार्यवाही न झाल्यास मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपला,
(सही, नाव, पत्ता, फोन)

पत्रात फसवणूक, लुबाडणूक, बेजबाबदारपणा हे शब्द नाहीत. मिस्त्री काय म्हणाले, सुनेच्या माहेरची मंडळी कधी येणार, वास्तुशांत कधी आहे, हेही नाही. दुकानदाराच्या गोडाऊनमध्ये मुद्दाम कपट झाले की हमालाची चूक झाली, हे ग्राहकाला ठाऊक नसते आणि सिद्ध करायची गरजही नसते. नमुना, पट्टी आणि मोजमाप यांच्यापुढे हेतूचा प्रश्नच येत नाही. याउलट न पाळता येणारी एकच मागणी केली तर पत्र अडकते. बॅच 118 संपली असेल तर “आणखी 14 द्या” या मागणीला उत्तरच नाही. म्हणून तीन पर्याय, त्यांच्या क्रमाने.

“माल आमच्या गोडाऊनला आणून टाका, मग बघू,” असे उत्तर बहुधा येते. नाकारलेला माल परत पोहोचवण्याची जबाबदारी ग्राहकावर नसते, नाकारल्याचे कळवले की पुरे. कलम 43 तेच म्हणते, अर्थात वेगळे काही ठरले नसेल तर. टेम्पोभाडे आणि हमाली यांवरच अशी भांडणे अडतात, त्यामुळे हे माहीत असणे कामाचे. दुसरे उत्तर असते, “कंपनीकडे तक्रार टाकली आहे, त्यांचा माणूस येईल.” यायला हरकत नाही. पण आपला सौदा बिल देणाऱ्या दुकानाशी आहे. कंपनीचा माणूस येऊन टाइल प्रमाणित मर्यादेत आहे असा शेरा मारून जाईल, आणि तो खराही असेल. भारतीय मानक IS 15622 मधली मापाची सूट कारखान्याने जाहीर केलेल्या मापापासून धरली जाते आणि दोन बॅच त्या सुटीच्या दोन टोकांना असू शकतात. दोन्ही मानकात बसतील, तरी एकमेकींशी जुळणार नाहीत. तुमची तक्रार मानकाविषयी नव्हतीच, नमुन्याविषयी होती, हे अशा वेळी शांतपणे सांगायचे.

तिसरे उत्तर बिलावर छापलेले असते : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदतच नसेल तर तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्या ओळीने बिचकू नये, पण तीस दिवस हा आकडा लक्षात ठेवावा.

काही तक्रारी मात्र टिकत नाहीत. दगडाच्या किंवा लाकडाच्या छपाईच्या टाइलमध्ये मुद्दाम वेगवेगळे चेहरे असतात, एका खोक्यात चार-पाच नक्ष्या. तो फरक हेच डिझाइन असते. कमी भावात मिळते म्हणून कमर्शियल प्रत घेतली, तर छोट्यामोठ्या फरकाची किंमत आधीच वजा झालेली असते. दोन महिन्यांनी कमी पडली म्हणून आणखी चार खोकी मागवली आणि शेड निराळी आली, तर पहिल्या बॅचप्रमाणेच हवी असे लिहून घेतले नसल्यास दुकानदाराला फारसे बोलता येत नाही. आणि मालासकट काम कंत्राटदाराला दिले असेल, टाइलचे बिल त्याच्या नावाचे असेल, तर पत्र दुकानदाराला नाही, कंत्राटदाराला जायला हवे.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. त्याच दिवशी त्याचा फोटो दुकानदाराच्या फोनवरही धाडावा; पोस्टाचे पत्र पुरावा म्हणून, फोनवरचे काम हलावे म्हणून. सांगलीसारख्या ठिकाणी दुकानदार रोजच्या ओळखीतला असतो, पत्र पाठवणे लोकांना संबंध तोडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बऱ्याचदा दुकानदारालाच ते हवे असते, कारण कंपनीकडून किंवा वितरकाकडून माल बदलून घ्यायला त्यालाही बॅच, शेड आणि मापासकट लेखी कागद लागतो. “गिऱ्हाईक ओरडतंय” यावर वर कोणी हलत नाही.

एवढ्यावर मिटले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही. वकील लागतोच असे नाही. तरी 18 हजारांसाठी तारखा घालायच्या का, हा व्यवहाराचा प्रश्न उरतो, आणि तडजोडीला जागा असते. या घरापुरते बोलायचे तर दुसऱ्या न्हाणीघरासाठी बॅच 131 ची आणखी सहा खोकी घेऊन तेवढे एकाच बॅचचे करता आले असते. रंग नमुन्याचा नाही, पण सगळा एकसारखा. त्या बदल्यात खोक्यामागे काही रक्कम कमी करून मागता आली असती. हिरवट छटा ज्यांना चालते त्यांच्यासाठी हा वाईट सौदा नाही.

इथे घरमालकिणीला ती चालत नव्हती. दुकानदाराने येऊन बोटाने कड चाचपली, पट्ट्या वाचल्या आणि बॅच 118 संपल्याचे कबूल केले. चाळीसच्या चाळीस खोकी बदलून द्यायची ठरली. नवा माल आल्यावर टेम्पोतून एकच खोके आधी उतरवले, नमुना शेजारी ठेवून पाहिला, मापे घेतली, मग प्रत्येक खोक्याची पट्टी वाचत उरलेली 39 उतरवली. चलनाच्या मागे लिहिले : “बॅच 118 व 131 ची एकूण 40 खोकी, पैकी दहा उघडलेली, परत दिली. एकाच बॅचची 40 खोकी नमुन्याशी ताडून घेतली.” खाली दोघांच्या सह्या झाल्या. मिस्त्रींच्या थांबलेल्या दिवसांची मजुरी दुकानदाराने पैशांत दिली नाही. तिच्या बदल्यात टाइल चिकटवण्याच्या अॅडहेसिव्हच्या काही गोण्या दिल्या, आणि घरमालकांनी त्या ठेवून घेतल्या.